रोजचा अलार्म, गुरुवारचा अलार्म: आईसाठी लिहिलेल्या चिठ्ठीच्या नोंदी

रविवार, ६ एप्रिल २०२५, नंदनवन, नागपूर

काम असं ठरलं: आईला गोळ्यांच्या वेळेचे दोन अलार्म तिच्या फोनवर स्वतः लावता आले पाहिजेत. एक रोज सकाळी ६ वाजता, दुसरा फक्त गुरुवारी रात्री ९ वाजता. ते लागलेत की नाही हेही तिला स्वतःला ओळखता आलं पाहिजे. यासाठी कपाटाच्या दाराला चिकटवता येईल अशी एका कागदाची मराठी चिठ्ठी तयार करायची.

अलार्म मीच लावून दिला तर दोन मिनिटांत काम संपतं. पण मी नरेंद्रनगरला राहते, आई-बाबा इथे. नात फोन खेळायला घेते, कुठलं तरी बटण सरकतं, डॉक्टर वेळ बदलतात, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत अलार्म वाजतच नाही. म्हणून लावणं तिच्याच हातात हवं.

सकाळची गोळी थायरॉइडची आहे. ती उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. गुरुवारची गोळी संधिवाताची, मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जिवावर बेतू शकतं. त्यामुळे या अलार्मचा वार चुकणं मला परवडणार नाही. सकाळचा अलार्म एखाद दिवस चुकला तर गोळी उशिरा घेतली जाईल, एवढंच. गुरुवारचा अलार्म रोज वाजायला लागला तर तो आईला रोज चुकीची आठवण करून देईल.

फोन साधा, स्वस्तातला अँड्रॉइड आहे. त्यात गूगलचं घड्याळाचं ॲप आधीपासून आहे, त्याच्या चित्राखाली Clock लिहिलंय. अलार्मसाठी वेगळं ॲप टाकायचं नाही. वेगळ्या ॲपला बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन परस्पर बंद करू शकतो, शिवाय जाहिराती येतात आणि आई त्या जाहिरातींवरच बोट ठेवते.

आज काही शिकवलं नाही. फोन तिच्या हातात दिला, "अलार्म लाव" म्हटलं आणि बाजूला बसून पाहिलं. ॲप तिने शोधलं. खालच्या पट्टीत Alarm वर गेली, अधिकचं चिन्हही सापडलं. गोल तबकडी आली तशी अडली. बोट टेकवलं की ती दाबूनच धरते, बोट थोडं सरकतं आणि आकडा ६ वरून ७ वर जातो. "मी तर सहावरच दाबून राहिली, हे सातवर काऊन जाऊन राहिलं?" तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात, सकाळी तर मूठही पूर्ण वळत नाही. ही तबकडी तिच्यासाठी नाही.

शेवटी वेळ लागली, OK झालं, आणि तिने फोन ठेवून दिला. "झालं." वारांकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिच्या दृष्टीने घड्याळाला गजर लावला की तो रोज वाजतो, जसा टेबलावरच्या चावीच्या घड्याळाचा वाजायचा. फोनचा तसा नाही. वार निवडले नाहीत तर तो एकदा वाजतो आणि आपणहून बंद होतो. सगळी चिठ्ठी या एका जागेभोवती लिहायची आहे.

बुधवार, ९ एप्रिल

रात्री मसुदा करायला बसले. दोन गोष्टी ठरवल्या.

पहिली, तबकडी टाळायची. तबकडी उघडली की खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटं कीबोर्डचं चित्र असतं. त्यावर बोट लावलं की तबकडी जाते आणि दोन चौकटी येतात, एक तासाची, एक मिनिटांची. त्यात आकडे टाकायचे. आई फोन नंबर रोज लावते, त्यामुळे आकडे टाकणं तिच्या हाताला सवयीचं आहे.

दुसरी, चिठ्ठीत "क्लिक करा", "टॅप करा" लिहायचं नाही. "बोट टेकवून लगेच उचला" असं लिहायचं. कपाळाला कुंकू लावताना बोट जेवढं टेकतं तेवढंच. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती लगेच "अस्सं होय" म्हणाली, म्हणून ते चिठ्ठीत तसंच ठेवते.

फोनची भाषा मराठी करायचाही विचार केला. Settings मध्ये System, त्यात Languages, तिथे मराठी निवडता येते. पण आईने बाकीचा सगळा फोन जागांवरून आणि चित्रांवरून पाठ केलाय, आणि बाबांना मेसेज इंग्रजीत वाचायची सवय आहे. भाषा तशीच ठेवते. स्क्रीनवरचे जे मोजके शब्द ओळखायचे आहेत ते चिठ्ठीत जसेच्या तसे, मोठ्या अक्षरात लिहीन.

रविवार, १३ एप्रिल

आज प्रत्यक्ष शिकवलं. नियम एकच: फोन आईच्या हातात, माझे हात माझ्या मांडीवर. मी बोट दाखवलं तर चिठ्ठीत काय कमी आहे ते कळणार नाही.

आधी रोजचा अलार्म. Clock उघडलं, Alarm, अधिकचं चिन्ह, कीबोर्डचं चित्र, तासात 6, मिनिटांत 00. आता AM की PM. इथे ती थांबली. मी चिठ्ठीत लिहिलं होतं, "AM म्हणजे मध्यरात्रीपासून दुपारी १२ च्या आधीपर्यंत". वाक्य बरोबर आहे, पण आईला त्याचा उपयोग झाला नाही. ते काढून "सकाळची गोळी = AM, रात्रीची गोळी = PM" एवढंच लिहिलं. तिला घड्याळाचं शास्त्र शिकवायचं नाहीये, दोन गोळ्यांच्या वेळा लावायच्या आहेत.

OK केलं की अलार्मची पट्टी तयार होते: मोठ्या आकड्यात वेळ, उजवीकडे चालू-बंदचं सरकतं बटण. पट्टी बंद असेल तर तिच्यावरच्या छोट्या बाणाला बोट लावलं की ती उघडते आणि आत सात गोळे दिसतात, S M T W T F S. रविवारपासून सुरू होऊन शनिवारी संपतात. (ॲपच्या काही जुन्या आवृत्त्यांत आधी Repeat च्या चौकटीत खूण करावी लागते, मगच गोळे येतात. आईच्या फोनवर तसं नाही.) रोजच्या अलार्मसाठी सातही गोळे भरायचे. भरलेला गोळा रंगीत दिसतो. सातही भरले की पट्टीवर Every day अशी अक्षरं येतात. आईला ती दोन शब्दांची जोडी चित्रासारखी लक्षात ठेवायला सांगितली. Every day दिसलं तर रोज वाजणार. Tomorrow दिसलं तर फक्त उद्या.

मग गुरुवारचा. वेळ 9, 00, PM, OK. गोळे उघडले. आई म्हणाली, "हे तर दोन T आहेत. कोणतावाला दाबू?"

मंगळवार आणि गुरुवार दोन्ही T, शनिवार आणि रविवार दोन्ही S. आईने नुसता T शोधला असता तर मंगळवारी गोळी घेतली गेली असती आणि गुरुवारी सवयीने पुन्हा. म्हणून खूण अक्षरावर न ठेवता जागेवर ठेवली. सात गोळ्यांत W एकच आहे आणि तो बरोबर मधोमध आहे. W म्हणजे बुधवार. त्याच्या उजव्या हाताचा गोळा गुरुवार. "मधल्या W च्या उजवीकडचा एकच गोळा, बाकी सहा रिकामे." हे तिने चिठ्ठी न बघता म्हणून दाखवलं.

पुढचा भाग मला सगळ्यात कामाचा वाटतो. अलार्म लागला की फोन खाली क्षणभर एक ओळ दाखवतो: अलार्म आतापासून किती वेळाने वाजणार. बहुतेक लोक ती वाचत नाहीत. पण वेळ, AM-PM आणि वार या तिन्हींची तपासणी त्या एका ओळीत होते.

आज हे करत होतो तेव्हा रविवारचे रात्रीचे ८ वाजून २० मिनिटं झाली होती. सकाळी ६ वाजायला ९ तास ४० मिनिटं उरतात. फोनने २१ तास ४० मिनिटं सांगितलं असतं तर AM ऐवजी PM लागलं आहे हे लगेच कळलं असतं, बारा तासांचा फरक तिथेच दिसतो.

गुरुवारच्या अलार्मचं आणखी स्पष्ट. वार निवडायच्या आधी, नुसतं OK केल्यावर फोनने ४० मिनिटं सांगितली. म्हणजे तो आजच रात्री ९ ला वाजणार होता. आई दचकली, "आज नाही ना घ्यायची!" बरोबर. मग गुरुवारचा गोळा भरला तेव्हा ओळ बदलून ४ दिवस ४० मिनिटं झाली. मी तिला मुद्दाम गुरुवारचा रिकामा करून पहिला T भरायला लावला. २ दिवस ४० मिनिटं आली. तिने बोटांवर मोजलं: सोम, मंगळ. "हा मंगळवार झाला." मग स्वतःच तो रिकामा करून पुन्हा पलीकडचा भरला. पट्टीवर Thu ही तीन अक्षरं आली.

ती ओळ फार लवकर निघून जाते, चष्मा लावेपर्यंत गेलेली असते. ती पुन्हा पाहायची युक्ती अशी की पट्टीवरचं सरकतं बटण बंद करून परत चालू करायचं. चालू केलं की ओळ पुन्हा येते. आधी चष्मा, मग बटण, असा क्रम चिठ्ठीत घातला.

शेवटी प्रत्येक अलार्मला नाव दिलं. पट्टी उघडली की Add label दिसतं, तिथे बोट लावून कीबोर्डवरच्या माइकला मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. एकाचं नाव "थायरॉइड, उपाशीपोटी", दुसऱ्याचं "संधिवात, फक्त गुरुवार". वाजताना हे नाव स्क्रीनवर येतं. दोन्हींचे आवाजही वेगळे निवडले, म्हणजे स्वयंपाकघरातूनही कोणता वाजतोय ते कळेल.

गुरुवार, १७ एप्रिल

संध्याकाळी सात वाजून गेल्यावर आईचा फोन. "अगं, अलार्म आत्ताच येऊन राहिला. आणि Dismiss म्हणून काहीतरी आहे. दाबू का?"

नको म्हटलं. हे ॲप अलार्मच्या सुमारे दोन तास आधी वरच्या सूचनांमध्ये कळवतं की पुढे अलार्म आहे. त्याच सूचनेत Dismiss असतं. त्यावर बोट लागलं तर आजचा अलार्म वाजणारच नाही. पुढच्या गुरुवारचा शाबूत राहतो, पण आजची गोळी हुकते. सूचना नुसती बाजूला सरकवली तर मात्र काही बिघडत नाही, अलार्म ९ ला वाजतोच. संध्याकाळी मालिका बघताना ही सूचना पटकन घालवून टाकायचा मोह होतो, म्हणून चिठ्ठीत ओळ घातली: "सातच्या सुमारास जी सूचना येते तिला हात लावू नका."

९ वाजता वाजला. तिने Stop केलं, जेवण झालेलंच होतं, गोळी घेतली, कॅलेंडरवर आजच्या चौकटीत फुली मारली. ही फुली मी आधीच ठरवून दिली होती. Stop दाबलं म्हणजे गोळी घेतली असं होत नाही. शुक्रवारी सकाळी "काल घेतली होती का?" असा प्रश्न पडला तर उत्तर फोनमध्ये नसतं, भिंतीवर असतं. फुली नसेल आणि आठवतही नसेल तर स्वतःच्या मनाने गोळी घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

Stop आणि Snooze यातला फरकही आज फोनवर बोलून घेतला. Snooze केलं की साधारण १० मिनिटांनी पुन्हा वाजतो. आई पूजेला बसलेली असेल तर Snooze ठीक. कोणीच हात लावला नाही तर तो १० मिनिटं वाजून गप्प होतो आणि अलार्म हुकल्याची सूचना ठेवून जातो.

याच्याशी गल्लत होऊ नये अशी एक गोष्ट आहे. वाजणारा अलार्म थांबवायला ॲप उघडून ते सरकतं बटण बंद करायचं नाही. Stop फक्त आजचं वाजणं थांबवतं. सरकतं बटण अख्खा अलार्म बंद करतं, मग उद्याही नाही आणि पुढच्या गुरुवारीही नाही. शेजारीपाजारी "माझा अलार्म आपोआप बंद होतो" असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं हेच झालेलं दिसतं.

मंगळवार, २२ एप्रिल

सकाळी अलार्म वाजला नाही. पट्टी तपासायला सांगितली: Every day आहे, बटण चालू आहे, AM आहे. मग वाजला का नाही?

बाबांनी रात्री फोन बंद करून चार्जिंगला लावला होता. "बंद करून लावला की बॅटरी चांगली भरते" हे त्यांचं जुनं मत, त्यांच्या बटणांच्या फोनच्या काळापासूनचं. बटणांचे काही फोन बंद असतानाही गजरासाठी जागे व्हायचे, तीच त्यांची समजूत. हा फोन पूर्ण बंद असेल तर अलार्म वाजत नाही, बहुतेक अँड्रॉइडवर हेच आहे.

बाबांना विचारलं, "तुम्हाला रात्री कॉल आणि मेसेज नको असतात, एवढंच ना?" हो म्हणाले. मग विमानाचं चित्र असलेलं बटण दाखवलं. फ्लाइट मोडमध्ये कॉल येत नाही, पण अलार्म वाजतो. अलार्मला इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. रिचार्ज संपला तरी वाजतो. हे शेवटचं वाक्य बाबांना दोनदा सांगावं लागलं, कारण रिचार्ज संपला की फोनचं सगळंच बंद पडतं असं घरात गृहीत धरलेलं होतं.

फोन सायलेंट किंवा व्हायब्रेटवर असला तरीही अलार्मचा आवाज येतो, तो वेगळ्या आवाजावर चालतो. डू नॉट डिस्टर्बमध्येही नेहमीच्या सेटिंगला तो वाजतो. मात्र त्यात कोणी अलार्मची सूट काढून टाकली असेल तर वाजणार नाही. आईच्या फोनवर सूट चालू आहे, पाहून घेतलं.

रविवार, २७ एप्रिल

नागपूरचा एप्रिल संपत आलाय. कूलर बाहेर निघालेत. आई-बाबांच्या खोलीत खिडकीत लावलेला मोठा लोखंडी कूलर आहे, नवीन वाळा घातलेला, रात्रभर पूर्ण वेगावर. त्याच्या घरघरीत मी शेजारच्या खोलीतून दिलेली हाकही आत ऐकू जात नाही. फोन कूलरखालच्या स्टुलावर, उशीजवळ. सकाळी अलार्म वाजतो, पण आईला जाग येते ती बाबांनी हलवल्यावर.

आधी आवाज पाहिला. आई बाजूची बटणं दाबून आवाज वाढवत होती, पण त्याने गाण्यांचा आवाज वाढत होता. अलार्मचा आवाज वेगळा असतो. तो Settings मध्ये Sound आणि त्यात Alarm volume असा सापडतो. तिथली पट्टी सरकवली की लगेच नमुन्याचा आवाज येतो, त्यामुळे किती मोठा आहे ते तिथेच कळतं. शेवटपर्यंत नेला.

तरी कूलरसमोर पुरेसा वाटेना. मग फोनची जागा बदलली. उशीखाली किंवा गादीवर ठेवला की आवाज कापसात दबतो. कूलरच्या विरुद्ध भिंतीला लाकडी टेबल आहे, त्यावर उघडा ठेवला, स्पीकरचं तोंड पलंगाकडे. व्हायब्रेट चालू ठेवलं. लाकडावर तो थरथरतो तेव्हा टेबलच वाजतं. शिवाय उठून चालत जाऊन Stop करावं लागतं, आणि थायरॉइडची गोळी आणि पाण्याचा तांब्या त्याच टेबलावर ठेवला. कूलर चालू ठेवून २ मिनिटांनंतरचा अलार्म लावला, आईला पलंगावर झोपायला सांगितलं. ऐकू आला.

आवाजही बदलला. मंद घंटी आवडली होती तिला, पण कूलरची घरघर खालच्या पट्टीतली आहे आणि मंद घंटी तिच्यात विरून जाते. वरच्या पट्टीतला, टोकदार, तुटक वाजणारा निवडला. कानाला गोड नाही, पण ऐकू येतो.

रविवार, ४ मे

समोरच्या काकूंनी आईची चिठ्ठी पाहिली आणि स्वतःच्या फोनवर बघून करायला लागल्या. त्यांचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे आणि घड्याळाचं ॲप त्या कंपनीचं स्वतःचं. तिथे तबकडी नाही, वर-खाली फिरणारी आकड्यांची चाकं आहेत. गोळेही नाहीत. Repeat नावाची ओळ आहे, त्यात Once, Daily, सोमवार ते शुक्रवार आणि Custom असे पर्याय. काहीच न निवडता तिथे Once असतं, म्हणजे आईच्या फोनवर जी अडचण होती तीच, वेगळ्या कपड्यात. रोजसाठी Daily, एका वारासाठी Custom आणि त्यात तो वार. तिथे वारांची पूर्ण नावं येतात, त्यामुळे दोन T चा गोंधळ नाही.

त्या फोनवर एक जास्तीची पायरी आहे. सगळं झाल्यावर वरच्या कोपऱ्यातल्या बरोबरच्या खुणेवर बोट टेकवावं लागतं. काकू मागे जाण्याचं बटण दाबून बाहेर आल्या आणि अलार्म जतनच झाला नाही. यादीत आपली वेळ दिसते का, एवढं बघितलं की ते कळतं.

काकूंसाठी वेगळी चिठ्ठी लिहावी लागेल. एकाच कागदावर दोन्ही फोन घातले तर दोघींचाही गोंधळ होईल. किती वेळाने वाजणार ही ओळ मात्र त्यांच्याही फोनवर येते, तेव्हा तपासणीचा भाग दोघींचा सारखाच राहील.

शनिवार, १० मे

चिठ्ठी पक्की केली. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या अक्षरात छापून लॅमिनेट करून घेतली. मजकूर असा:

*चष्मा लावा. बोट टेकवून लगेच उचला, दाबून धरू नका.*

*१. Clock उघडा. खाली Alarm वर बोट.*

*२. अधिकच्या चिन्हावर बोट. गोल तबकडी आली की खाली डावीकडच्या कीबोर्डच्या चित्रावर बोट.*

*३. तास टाका, मिनिटं टाका. सकाळची गोळी = AM. रात्रीची गोळी = PM. मग OK.*

*४. पट्टीवरच्या बाणावर बोट. सात गोळे दिसतील. थायरॉइड: सातही भरा, Every day आलं पाहिजे. संधिवात: मधल्या W च्या उजवीकडचा एकच भरा, Thu आलं पाहिजे.*

*५. उजवीकडचं बटण बंद करून परत चालू करा. खाली येणारी ओळ वाचा. थायरॉइड: २४ तासांच्या आत, आणि सकाळी ६ ला जेवढे तास उरलेत तेवढेच. संधिवात: गुरुवारला जेवढे दिवस उरलेत तेवढेच. जुळलं नाही तर पायरी ३ पासून बघा.*

*वाजला की Stop. ॲपमधलं बटण बंद करायचं नाही. गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली.*

*गुरुवारी संध्याकाळी आधी जी सूचना येते तिला हात लावू नका.*

*रात्री फोन बंद करायचा नाही. कॉल नको असतील तर विमानाचं बटण. फोन टेबलावर, कूलरपासून लांब.*

पाचव्या पायरीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. "ओळ वाचा" एवढंच लिहिलं तर वाचून काय करायचं ते कळत नाही. आणि "९ तास ४० मिनिटं" असा आकडा छापला तर तो फक्त रात्री ८:२० ला खरा असतो. म्हणून मोजायची रीत लिहिली, आकडा नाही.

आईला कागद देऊन दोन्ही अलार्म काढून टाकायला सांगितले आणि नव्याने लावायला सांगितले. मी स्वयंपाकघरात होते. थायरॉइडचा न विचारता लागला. संधिवाताचा लावताना आतून आवाज आला, "पाच दिवस काही तास सांगून राहिला." आज शनिवार, दुपारची वेळ. शनिवार ते गुरुवार पाच दिवस, वर दुपारपासून रात्री ९ पर्यंतचे तास. बरोबर.

गुरुवार, १५ मे

उन्हाळ्यात जेवणं लवकर होतात म्हणून आईने आज संधिवाताची वेळ ९ वरून ८:३० केली. नवीन अलार्म न लावता पट्टीवरच्या वेळेच्या आकड्यांवर बोट टेकवून तिथेच बदलली, त्यामुळे वार आणि नाव तसंच राहिलं. चिठ्ठीत ही पायरी नव्हती, आता पाठीमागच्या बाजूला लिहिली.

अजून राहिलेलं काम: काकूंची वेगळी चिठ्ठी. आणि आईच्या फोनवर ॲपचं अपडेट आलं की दर वेळी पायरी २ आणि ४ प्रत्यक्ष करून बघायच्या, कारण कीबोर्डचं चित्र आणि बाण यांच्याच जागा बदलण्याची शक्यता जास्त. जागा बदलली तर चिठ्ठी नव्याने छापायची, जुनीवर पेनाने खाडाखोड करायची नाही.